एक ठोका, दोन मिलिसेकंद

गुळगुळीत पट्टीवर दोन किलो वजनाचा एक लोखंडी ठोकळा ठेवलेला आहे. स्प्रिंगने तो भिंतीला जोडलेला आहे आणि अगदी स्तब्ध आहे. कुणीतरी त्याच्यावर हातोडीचा एक ठोका मारतो आणि हातोडी तत्क्षणी मागे घेतो. ठोकळा सरकतो, स्प्रिंग त्याला परत ओढते, तो मधली जागा ओलांडून पलीकडे जातो, पुन्हा येतो. हे हेलकावे किती मोठे असतील?

न्यूटनच्या नियमाने उत्तर काढायचे तर प्रत्येक क्षणी ठोकळ्यावर किती बल होते ते माहीत हवे. इथेच पहिली अडचण येते. हातोडी ठोकळ्याला टेकलेली असते ती एक-दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा-पाचशेवा भाग. तेवढ्या वेळात बल शून्यापासून चढते, शेकडो न्यूटनांपर्यंत पोचते आणि उतरते. ते कसे चढले, कुठे टोक आले, कसे उतरले हे हातोडीच्या पोलादावर, ठोकळ्याच्या पृष्ठभागावर आणि मारणाऱ्याच्या मनगटावर ठरते. एकाच माणसाने एकाच हातोडीने मारलेल्या दोन ठोक्यांचे आलेखही तंतोतंत जुळत नाहीत. मग गणित करायचे कशाच्या आधारावर?

उत्तर असे की त्या आलेखाचा आकार बहुतेक वेळा लागतच नाही. लागते फक्त त्याच्याखालचे क्षेत्रफळ. बल गुणिले वेळ, अशी क्षणाक्षणाची बेरीज. तिलाच आवेग म्हणतात आणि ती न्यूटन-सेकंदात मोजतात. ही सूट मोठी आहे, पण तिला एक अट आहे. ती अट कुठे पाळली जाते आणि कुठे मोडते हे आकडे घालून पाहिले की नीट समजते.

समजा स्प्रिंगचा ताठपणा मीटरला ८०० न्यूटन आहे, म्हणजे ती एक सेंटिमीटर ताणायला ८ न्यूटन लागतात. दोन किलोचा ठोकळा अशा स्प्रिंगवर एक पूर्ण हेलकावा ०.३१४ सेकंदात घेतो. ताठपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ घेतले की २० येतात. ही झाली कोनीय वारंवारता, सेकंदाला २० रेडियन. ६.२८ ला २० ने भागले की दोलनकाल मिळतो.

आता ठोका. हिशेब सोपा राहावा म्हणून हातोडीने २ मिलिसेकंद एकसारखे ५०० न्यूटन बल लावले असे धरू. आवेग झाला बरोबर १ न्यूटन-सेकंद. या दोन मिलिसेकंदांत ठोकळ्याचे त्वरण आहे २५० मीटर प्रतिसेकंद वर्ग, आणि हातोडी सुटते तेव्हा त्याचा वेग अर्धा मीटर प्रतिसेकंद झालेला असतो. पण त्या वेळात तो सरकला किती? अर्धा मिलिमीटर. स्प्रिंग तेवढीच ताणली किंवा दाबली गेली, म्हणून तिचे बल ०.४ न्यूटनच्या पुढे गेलेच नाही. एकीकडे ५०० आणि दुसरीकडे ०.४. ठोका चालू असताना स्प्रिंगने उलट्या दिशेने दिलेला एकूण आवेग काढला तर तो हातोडीच्या आवेगाच्या दहा हजारांत तीन भागही भरत नाही.

म्हणजे ठोका पडत असताना स्प्रिंग जवळजवळ गैरहजर असते. ठोकळ्याला आधी फक्त वेग मिळतो, जागा बदलत नाही. ठोका संपल्यावर स्प्रिंगचे काम सुरू होते, आणि तेव्हा तिच्यासमोर एक ठोकळा असतो जो मधल्या जागीच आहे पण अर्ध्या मीटरच्या वेगाने निघालेला आहे. तो ठोक्याने निघाला की आणखी कशाने, याचा स्प्रिंगला काही फरक पडत नाही. वेगाला कोनीय वारंवारतेने भागले की हेलकाव्याचा आयाम मिळतो: ०.५ भागिले २०, म्हणजे २५ मिलिमीटर. ऊर्जेच्या बाजूनेही ताळा जुळतो. ठोकळ्याला मिळालेली गतिज ऊर्जा पाव ज्यूल, आणि २५ मिलिमीटर ताणलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जाही पाव ज्यूलच.

हाच आवेग १००० न्यूटन बलाने एका मिलिसेकंदात दिला तरी उत्तर २५ मिलिमीटर. दहा लाख न्यूटन बलाने एका मायक्रोसेकंदात दिला तरी तेच. ठोका जितका आखूड, तितके स्प्रिंगचे ते दहा हजारांतले तीन भाग आणखी घटतात. मग ठोक्याची लांबी शून्यच करून टाकली तर? बल अमर्याद, वेळ शून्य, पण क्षेत्रफळ मात्र ठाम १ न्यूटन-सेकंद. या टोकाच्या ठोक्याला गणितात डेल्टा फंक्शन म्हणतात आणि समीकरण असे लिहितात:

m x'' + c x' + k x = J δ(t)

डाव्या बाजूला वस्तुमान गुणिले त्वरण, मग घर्षणासारख्या रोधाचे पद, मग स्प्रिंगचे. उजव्या बाजूला J हा आवेग आणि δ(t) म्हणजे शून्य क्षणी पडलेला, क्षेत्रफळ १ असलेला ठोका. इथे एककांकडे नीट लक्ष द्यायला हवे. δ(t) चे क्षेत्रफळ नुसते १ आहे आणि आडवा अक्ष सेकंदांचा आहे, म्हणून δ(t) चे एकक ‘प्रतिसेकंद’ येते. त्याला न्यूटन-सेकंदातल्या आवेगाने गुणले की न्यूटन मिळतात आणि दोन्ही बाजू जुळतात. विद्यार्थी पुष्कळदा J च्या जागी हातोडीचे कमाल बल घालतात, ५०० न्यूटन. मग उत्तर पाचशे पट चुकते. कागदावर ते पटकन दिसत नाही, पण एकके तपासली तर चूक पहिल्याच ओळीत पकडता येते.

समीकरण सोडवायला लाप्लास रूपांतर वापरतात. पण त्याआधी समीकरणाकडे नुसते पाहून एक गोष्ट कळते आणि ती या विषयाचा गाभा आहे. उजवीकडे शून्य वेळात मर्यादित क्षेत्रफळ असलेली वस्तू आहे. डावीकडे तिची बरोबरी कोण करणार? स्प्रिंगचे पद करू शकत नाही, कारण जागा मर्यादित आहे आणि मर्यादित बलाचे शून्य वेळातले क्षेत्रफळ शून्यच. रोधाचे पदही त्याच कारणाने बाद. उरते त्वरण. त्वरणाची शून्य वेळातली बेरीज म्हणजे वेगातली उडी. म्हणून वस्तुमान गुणिले वेगातली उडी बरोबर आवेग. डेल्टा फंक्शन इतकेच सांगते: ठोक्याच्या क्षणी वेग J/m ने उडतो आणि जागा हलत नाही.

आलेख काढला की हे डोळ्यांना दिसते. जागेचा आलेख शून्यावर आडवा चाललेला असतो, ठोक्याच्या क्षणी त्याला कोपरा येतो आणि तिथून तो तिरका वर निघतो, पण तुटत नाही. वेगाचा आलेख मात्र तुटतो. शून्यावरून तो सरळ अर्ध्या मीटरवर जातो. कुणाच्या उत्तरात ठोकळा एका क्षणात या जागेवरून त्या जागेवर गेलेला दिसला तर ते उत्तर चूक आहे, समीकरण पुन्हा तपासायचीही गरज नाही.

याच उडीमुळे आणखी एक गोंधळ होतो. प्रश्नात दिलेले असते की ठोकळा सुरुवातीला स्थिर होता, म्हणजे शून्य क्षणी वेग शून्य. उत्तरात शून्य क्षण घातला की वेग अर्धा मीटर येतो. विद्यार्थ्याला वाटते, काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. शून्याच्या किंचित अलीकडे वेग शून्य आहे आणि किंचित पलीकडे अर्धा मीटर, आणि ठोका नेमका मधे आहे. लाप्लास रूपांतराची बेरीज अलीकडच्या काठापासून सुरू करायची असते, म्हणजे ठोका तिच्यात पूर्ण सापडतो. ती पलीकडच्या काठावरून सुरू केली तर ठोका हिशेबातून निसटतो. मग त्याच्या बदल्यात सुरुवातीचा वेग अर्धा मीटर असा स्वतंत्र द्यावा लागतो. दोन्ही रीती बरोबर आहेत. एकाच वेळी दोन्ही वापरल्या तर ठोका दोनदा मोजला जातो आणि आयाम ५० मिलिमीटर येतो.

रोध धरला तर ठोकळ्याचे हेलकावे हळूहळू विरतात. आपल्या ठोकळ्याला वेगाच्या प्रत्येक मीटर प्रतिसेकंदामागे ४ न्यूटन रोध असेल, तर दर सेकंदाला हेलकाव्याचा आकार आधीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. तीन सेकंदांनी २५ मिलिमीटरचा हेलकावा सव्वा मिलिमीटर उरतो. दोलनकाल मात्र जवळपास तोच राहतो. एक एकक आवेगाला वस्तू जे हे उत्तर देते, त्याला अभियंते आवेग-प्रतिसाद म्हणतात.

डेल्टा फंक्शनचे श्रेय पॉल डिरॅक यांना दिले जाते. १९२७ मधल्या पुंजयामिकीवरच्या शोधनिबंधात त्यांनी ते वापरले आणि १९३० च्या त्यांच्या ग्रंथाने ते जगभर पोचवले. डिरॅक आधी ब्रिस्टलमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकले होते. अभियंत्यांना असल्या ठोक्यांची सवय जुनी होती. तारायंत्राच्या तारांवर काम करणारे ऑलिव्हर हेविसाइड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकदम चालू झालेल्या विद्युत दाबाचे आणि त्यातून निघणाऱ्या आवेगाचे गणित बिनदिक्कत करत होते. शुद्ध गणितज्ञांना मात्र ते पटत नव्हते आणि त्यांची हरकत रास्त होती. एक बिंदू सोडून सगळीकडे शून्य असलेल्या कोणत्याही फलाचे क्षेत्रफळ शून्यच येते, मग त्या बिंदूवर त्याची किंमत काहीही असो. तेव्हा क्षेत्रफळ १ असलेले असे फल असूच शकत नाही. जॉन फॉन नॉयमान यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात याच कारणाने ते बाजूला ठेवले. डिरॅक यांनाही हे ठाऊक होते आणि ते त्याला रूढ अर्थाचे फल म्हणत नव्हते.

ही अडचण फ्रेंच गणितज्ञ लॉराँ श्वार्त्झ यांनी १९४० च्या दशकात सोडवली. या क्षणी डेल्टाची किंमत किती, हा प्रश्नच त्यांनी काढून टाकला. डेल्टाला कोणत्याही गुळगुळीत फलाशी गुणून क्षेत्रफळ घेतले की त्या फलाची शून्य क्षणाची किंमत हाती येते. बस, हीच डेल्टाची व्याख्या. डेल्टा म्हणजे किमतींचा तक्ता नव्हे, ती एक क्रिया आहे. या कामासाठी श्वार्त्झ यांना १९५० मध्ये फील्ड्स पदक मिळाले. हातोडी मारणाऱ्या अभियंत्याला यातून एक मोलाची गोष्ट मिळते. खऱ्या यंत्रात बल कधीच अमर्याद नसते, आणि डेल्टाही तसा दावा करत नाही. आखूड ठोक्याची बेरीज केल्यावर जे उरते, तेवढ्याचीच ती ग्वाही देते.

आता ती अट. ठोका आखूड हवा, पण कशाच्या मानाने? एक मिलिसेकंद आखूड आणि एक सेकंद लांब, असे सरसकट म्हणता येत नाही. मोजपट्टी म्हणजे वस्तूचा स्वतःचा दोलनकाल. आपल्या ठोकळ्याचा तो ३१४ मिलिसेकंद आहे, म्हणून दोन मिलिसेकंदांचा ठोका बेलाशक डेल्टा धरता येतो. दोहोंच्या उत्तरातला फरक लाखात सात भागांचा आहे.

तोच १ न्यूटन-सेकंद आवेग १०० मिलिसेकंदांत दिला तर? म्हणजे १० न्यूटन बल एक दशांश सेकंद लावले. हा आता ठोका नव्हे, ढकलणे आहे. ढकलत असतानाच ठोकळा बराच सरकतो आणि स्प्रिंग विरोध करू लागते. हात सुटल्यावरच्या हेलकाव्याचा आयाम २५ ऐवजी २१ मिलिमीटर येतो. डेल्टाने काढलेले उत्तर साधारण एक पंचमांशाने जास्त असते.

आणखी लांबवले की जे घडते ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. तोच आवेग बरोबर एका दोलनकालात, ३१४ मिलिसेकंदांत, साधारण ३.२ न्यूटन बलाने दिला तर हात काढल्यावर ठोकळा हलतच नाही. आयाम शून्य. आवेग पूर्ण दिला, तरी हेलकावा नाही. कारण समजून घेणे कठीण नाही. एकसारखे बल लावले की ठोकळा नव्या समतोल जागेभोवती हेलकावतो. तो सुमारे ८ मिलिमीटरपर्यंत जातो आणि परत फिरतो. पूर्ण एक दोलनकाल झाला की तो नेमका सुरुवातीच्या जागी आणि क्षणभर थांबलेला असतो. त्याच क्षणी बल काढून घेतले, तर तो तिथेच स्थिर राहतो. जाताना बलाने ठोकळ्यावर काम केले आणि येताना ठोकळ्याने ते सगळे परत केले. डेल्टा फंक्शन इथे २५ मिलिमीटर सांगते आणि पूर्णपणे चुकते.

दोन आखूड ठोक्यांनीही असेच घडवता येते. पहिल्या ठोक्यानंतर अर्ध्या दोलनकालाने, म्हणजे १५७ मिलिसेकंदांनी, ठोकळा मधल्या जागेतून उलट्या दिशेने अर्ध्या मीटरच्या वेगाने जात असतो. त्या क्षणी पहिल्याच दिशेने तेवढाच दुसरा ठोका मारला तर वेगातली नवी उडी जुन्या वेगाला बरोबर खाऊन टाकते आणि ठोकळा जागच्या जागी थांबतो. तोच दुसरा ठोका पूर्ण दोलनकालाने मारला तर दोन्ही वेग एकाच दिशेचे असतात. ते जुळतात आणि आयाम दुप्पट होतो, ५० मिलिमीटर. प्रत्येक ठोक्याचा प्रतिसाद वेगळा काढायचा, आपापल्या क्षणापासून सुरू करायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची, एवढाच हिशेब आहे. स्प्रिंगचे बल ताणाच्या प्रमाणात आहे तोवर ही बेरीज अचूक असते.

प्रयोगशाळेतली हातोडीची चाचणी या हिशेबावर चालते. मोटारीचा सांगाडा, लेथची चौकट, टर्बाइनचे पाते, काहीही असो. ती वस्तू कोणत्या वारंवारतांना थरथरते हे शोधायचे असते. पुण्यातल्या एआरएआयसारख्या, मोटारींचा आवाज आणि कंपने मोजणाऱ्या संस्थांना हे काम नेहमीचे. वस्तूवर मेणाने एक छोटा त्वरणमापक चिकटवतात आणि हातोडीने ठोका मारतात. या हातोडीच्या तोंडात स्फटिकाचा बलमापक असतो, त्यामुळे ठोक्याचा आलेख आणि वस्तूच्या थरथरीचा आलेख पडद्यावर एकाच वेळी उमटतात. ठोका दर वेळी सारखा बसावा अशी अपेक्षाच नसते. प्रत्येक वारंवारतेला प्रतिसाद भागिले बल असे गुणोत्तर काढतात आणि चार-पाच ठोक्यांची सरासरी घेतात.

अशा वस्तूत एक स्प्रिंग आणि एक ठोकळा नसतो. तिच्यात कंपनाचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येकाचा दोलनकाल वेगळा. म्हणून एकच ठोका एका कंपनासाठी आखूड आणि दुसऱ्यासाठी लांब ठरतो. हातोडीला बदलता येणारी टोके देतात ती यासाठीच: मऊ रबराचे, प्लॅस्टिकचे, पोलादाचे. रबर दबते, टेकून राहते, ठोका लांबतो. पोलाद चटकन सुटते. खऱ्या ठोक्याचा आलेख चौकोनी नसून टेकडीसारखा चढता-उतरता असतो, आणि तो साधारण अर्ध्या साइन लाटेसारखा धरला तर दीड दोलनकाल लांबीच्या ठोक्याने कंपन अजिबात उठत नाही. एक मिलिसेकंदाच्या ठोक्यासाठी ही वारंवारता १५०० हर्ट्झ येते, पाच मिलिसेकंदांच्या ठोक्यासाठी ३०० हर्ट्झ. मऊ टोकाने पाच मिलिसेकंदांचा ठोका मारून कुणी ३०० हर्ट्झच्या आसपासचे कंपन शोधू लागला, तर ते वस्तूत असूनही त्याला सापडणार नाही. गुणोत्तरात शून्याला शून्याने भागल्यासारखे होते आणि तिथे पडद्यावर नुसता खरखरीत गोंधळ दिसतो. मग सगळीकडे पोलादच का वापरू नये? कारण पोलादाचा ठोका आपला आवेग फार मोठ्या पट्ट्यात पसरवतो. वीस-तीस हर्ट्झची थरथर शोधायची असेल तर वस्तूला नको त्या उंच वारंवारतांनी विनाकारण डिवचले जाते आणि त्वरणमापकाची कमाल मर्यादाही ओलांडली जाऊ शकते.

या चाचणीत नेहमी होणारा बिघाड म्हणजे दुहेरी ठोका. हलकी, लवचीक वस्तू ठोका खाऊन मागे जाते आणि उसळून येऊन अजून न सुटलेल्या हातोडीवर आपटते. कानाला एकच आवाज येतो, पण बलाच्या आलेखात दोन शिखरे दिसतात. ती पाच मिलिसेकंदांच्या अंतराने आणि सारख्या उंचीची असतील तर काय होईल हे वरच्या ठोकळ्यावरून सांगता येते. ज्या कंपनाचा अर्धा दोलनकाल पाच मिलिसेकंद, म्हणजे वारंवारता १०० हर्ट्झ, ते कंपन पहिला ठोका उठवेल आणि दुसरा झोपवेल. म्हणून अनुभवी माणूस आधी वस्तूची थरथर पाहत नाही, बलाचा आलेख पाहतो. एकच स्वच्छ टेकडी नसेल तर तो ठोका रद्द करून पुन्हा मारतो.

ठोक्यांच्या बेरजेचा सर्वांत मोठा उपयोग मात्र जिथे हातोडी नसतेच तिथे झाला आहे. सतत बदलणारे कोणतेही बल आखूड ठोक्यांची माळ म्हणून पाहता येते. दर शंभराव्या सेकंदाला बल गुणिले ०.०१ एवढा एक आवेग धरायचा, प्रत्येकाचा विरत जाणारा हेलकावा काढायचा आणि बेरीज करायची. या बेरजेला एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणितज्ञ द्युआमेल यांचे नाव आहे. भूकंपाचे गणित तिच्यावर उभे राहिले. जमीन हलते तेव्हा इमारतीला कुणी बाहेरून मारत नाही, पण पायापासून मोजले तर इमारतीच्या वस्तुमानाला जमिनीच्या त्वरणाइतके उलटे त्वरण बसते, आणि समीकरण ठोकळ्याचेच राहते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा धरणातल्याच एका गॅलरीत बसवलेल्या यंत्राने जमिनीचे त्वरण नोंदले. धरणाच्या लांबीच्या दिशेने ते कमाल ०.६३ g आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ g होते. इतक्या जवळून मिळालेल्या अशा नोंदी तेव्हा जगात मोजक्याच होत्या, आणि कोयनेची नोंद आजही धरणांच्या भूकंपशास्त्रात वापरली जाते. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या उंच भागांचा पहिला दोलनकाल सुमारे एक तृतीयांश सेकंद आहे, म्हणजे आपल्या दोन किलोच्या ठोकळ्याच्या जवळपास. त्यामुळे आकडे थेट लावून पाहता येतात. ०.४९ g त्वरण शंभराव्या सेकंदापुरते टिकले तर वेगात उडी येते सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटरची, आणि २० ने भागले की त्या एकट्या धक्क्याचा आयाम अडीच मिलिमीटरच्या आत. एका धक्क्याने काही बिघडत नाही. पण दर सेकंदाला असे शंभर धक्के येतात, कधी या दिशेने कधी त्या. जे दोलनकालाच्या तालात पडतात ते एकमेकांत मिळत जातात आणि जे अर्ध्या तालाने चुकतात ते एकमेकांना खोडतात. शेवटी किती उरले ते सगळी माळ मोजल्याशिवाय कळत नाही.

बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी ही नोंद वापरून धरणाच्या छेदातले ताण काढले आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, तिथे ताण काँक्रीटच्या ताणशक्तीपलीकडे गेल्याचे त्यांच्या हिशेबात दिसले. भूकंपात भेगाही त्याच उंचीवर, दोन्ही अंगांना पडल्या होत्या.

ही बेरीज पहिली भेग पडेपर्यंतच खरी असते. भेग उघडली की धरणाचा ताठपणा उतरतो, दोलनकाल लांबतो, आणि आधीच्या ठोक्यांचे प्रतिसाद ज्या स्प्रिंगसाठी काढले होते ती स्प्रिंग उरलेली नसते. तिथून पुढे बेरीज सोडावी लागते. दर शंभराव्या सेकंदाला नवा ताठपणा घालून समीकरण त्या एवढ्याशा टप्प्यापुरते पुन्हा सोडवावे लागते. भेगाळलेल्या कोयनेचे गणित संशोधक पुढे याच रीतीने करत आले आहेत.